काडी ओढली एकाने, फाशी एकशे बहात्तरांना

४ फेब्रुवारी १९२२ रोजी गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि गांधीजींनी असहकाराची चळवळ मागे घेतली, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. धडा तिथेच संपतो. त्यानंतर कोर्टात काय झालं ते सहसा कोणी सांगत नाही, आणि खरं कोडं तर तिथेच आहे. ठाणेदारासह वीसहून अधिक पोलीस आणि चौकीदार त्या आगीत व मारहाणीत मेले. जमाव काही हजारांचा होता. खटला सव्वादोनशे जणांवर चालला आणि जानेवारी १९२३ मध्ये गोरखपूरच्या सत्र न्यायाधीशांनी त्यांतल्या १७२ जणांना फाशी सुनावली.

काडी ओढायला एकशे बहात्तर हात लागत नाहीत. रॉकेल ओतणारे फार तर पाच-दहा असतील, बाहेर पडू पाहणाऱ्यांना लाठ्यांनी मारणारे आणखी काही. बाकीच्यांनी कोणाला मारलं हे सरकारी वकिलांनी सिद्ध केलं नव्हतं, आणि कायद्याप्रमाणे ते करण्याची त्यांना गरजही नव्हती. एरवी फौजदारी कायद्याचा साधा नियम असा, की ज्याची करणी त्याची भरणी. मग जमाव म्हटला की हा नियम बाजूला कसा पडतो?

## पाच माणसं आणि एक उद्दिष्ट

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि तेच कलम आता १९० या क्रमांकाने नांदतं आहे. कलमापर्यंत पोचायचं तर आधी जमाव ‘बेकायदेशीर’ ठरावा लागतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. माणसं किमान पाच हवीत, आणि त्या सगळ्यांचं उद्दिष्ट एक हवं. ते उद्दिष्टही कायद्याने दिलेल्या यादीतलं असावं लागतं. बळाच्या धाकाने सरकारला किंवा सरकारी नोकराला दबवणं, कायद्याची अंमलबजावणी अडवणं, कोणाच्या मालमत्तेची नासधूस करणं, घरात घुसणं किंवा दुसरा कुठला गुन्हा करणं, जोरजबरदस्तीने जमीन, वाट किंवा पाणी बळकावणं, आणि एखाद्याला तो बांधील नसलेली गोष्ट करायला भाग पाडणं, अशी ती यादी आहे. शेताचा बांध आणि विहिरीचं पाणी या यादीत आहेत, ही काही गंमत नाही. अशा खटल्यांतला मोठा हिस्सा राजकीय दंगलींचा नसून बांधावरच्या भांडणांचा असतो.

इथे एक गल्लत वारंवार होते. ‘१४४ लागू आहे’ असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो, ती जमावबंदी. तो प्रशासनाचा तात्पुरता आदेश असतो आणि आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तो मोडला तर आदेश मोडल्याचा गुन्हा होतो. बेकायदेशीर जमावाचा विषय वेगळा. शहरात कुठलाही आदेश नसताना, भर दुपारी, पाच जण काठ्या घेऊन शेजाऱ्याचं कुंपण उखडायला निघाले, तरी तो बेकायदेशीर जमाव होतो. उलट, उरुसात पन्नास हजार लोक जमले तरी होत नाही.

आणखी एक खाच आहे. जमताना कायदेशीर असलेला जमाव पुढे बेकायदेशीर होऊ शकतो, असं कायदा स्वच्छ शब्दांत सांगतो. मोर्चा परवानगी घेऊन निघाला होता, हा बचाव म्हणून अर्ध्या वाटेपर्यंतच पुरतो.

## शिक्षेच्या पायऱ्या

अशा जमावात सामील होणं, किंवा जमावाचा रंग बदललेला कळूनही त्यात राहणं, हाच मुळात एक गुन्हा आहे. त्याला शिक्षा जास्तीत जास्त सहा महिन्यांची. पोलिसांनी पांगण्याचा हुकूम दिल्यावरही थांबलात, किंवा हातात प्राणघातक हत्यार असलं, तर दोन वर्षांपर्यंत. त्या जमावातल्या एकाने जरी उद्दिष्टासाठी बळ वापरलं, म्हणजे पहिला दगड भिरकावला गेला, की जमावाचा ‘दंगा’ होतो आणि दंग्याचा गुन्हा त्यातल्या प्रत्येकावर चढतो. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हत्यारासह दंगा असेल तर पूर्वी तीन वर्षं होती, नव्या संहितेत ती पाच झाली.

इथवर शिक्षा बेताच्या आहेत. कलम १९० ही पायरी मात्र सरळ कड्यावर नेते. जमावातल्या एका सदस्याने समान उद्दिष्ट साधण्यासाठी खून केला, तर त्या क्षणी जमावात असलेला प्रत्येक सदस्य खुनाचा दोषी ठरतो. अर्धा दोषी, मदतनीस असा काही प्रकार नाही. शिक्षाही मूळ गुन्ह्याचीच, आणि खुनाला जन्मठेपेहून कमी शिक्षा कायद्यात नाही.

> चौकट : कलमं एका नजरेत
> (आधी जुन्या दंड संहितेचा क्रमांक, मग नव्या न्याय संहितेचा)
> बेकायदेशीर जमाव कशाला म्हणायचं : १४१ → १८९(१)
> अशा जमावात असणं, सहा महिन्यांपर्यंत : १४३ → १८९(२)
> दंगा, दोन वर्षांपर्यंत : १४७ → १९१(२)
> हत्यारासह दंगा, आता पाच वर्षांपर्यंत : १४८ → १९१(३)
> एकाच्या गुन्ह्याला सगळे जबाबदार : १४९ → १९०
> समान इरादा, दोघांपासून पुढे : ३४ → ३(५)

## बचत गटाचं कर्ज

हे अन्यायाचं वाटत असेल, तर गावातला बचत गट आठवून पाहा. गटाच्या नावावर कर्ज निघतं, पैसे एकीच्या हातात पडतात, पण तिने हप्ता थकवला की बँक साऱ्या जणींच्या दारात येते. ‘मी कुठे पैसे घेतले?’ हे तिथे चालत नाही, कारण पत गटाची वापरली गेली. आता त्याच बाईने गटाला न सांगता, गटाच्या कामाशी काडीचा संबंध नसलेल्या खर्चासाठी सावकाराकडून वेगळे पैसे उचलले, तर त्याचा भार गटावर येत नाही.

जमावाचंही तसंच आहे. मारणारा हात एकाचा असतो, पण त्या हाताला धीर गर्दीचा असतो. एकटा माणूस ठाण्यावर चालून जात नाही. म्हणून कायदा संख्येची किंमत संख्येतल्या प्रत्येकाकडून वसूल करतो. पण गटाच्या खात्यावर काय आणि एकाच्या खासगी खात्यावर काय, हे आधी ठरवावं लागतं. मोर्चातल्या गर्दीचा फायदा घेऊन कोणी आपल्या जुन्या वैऱ्याला भोसकलं, तर तो खून मोर्चेकऱ्यांच्या माथी मारता येत नाही.

ही सीमा ठरवायला कलमातच दोन फाटे दिले आहेत. पहिला : गुन्हा समान उद्दिष्टासाठीच केला गेला. दुसरा : उद्दिष्ट वेगळं होतं, पण ते साधताना असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे सदस्यांना ठाऊक होतं. निष्पापपणे अडकल्याची तक्रार बहुतेकदा या दुसऱ्या फाट्यावरून असते, म्हणून तो नीट पाहू.

## धोतराच्या घडीतलं पिस्तूल

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५८ मध्ये निकालात काढलेलं मिझाजीचं प्रकरण याचा नमुना म्हणून अजून शिकवलं जातं. उत्तर प्रदेशातलं एक शेत, त्याच्या ताब्यावरून वाद. एका बाजूचे पाच जण ताबा घ्यायला शेतात उतरले. मिझाजीच्या बापाच्या हातात भाला, बाकीच्यांकडे लाठ्या आणि मिझाजीच्या धोतराच्या घडीत पिस्तूल. विरोधी पक्षाची माणसं अडवायला आली. बापाने चिथावलं, मुलाने पिस्तूल काढलं, गोळी झाडली आणि समोरचा एक माणूस ठार झाला.

लाठीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही जमिनीसाठी आलो होतो, माणूस मारायला नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही. वादाच्या जमिनीवर भाला, लाठ्या आणि पिस्तूल घेऊन जाणारी माणसं, कोणी आडवा आला तर जीव घेण्यापर्यंत जायची तयारी करूनच जातात, असा निष्कर्ष त्याने हत्यारांवरून, एकत्र जाण्यावरून आणि जागेवरच्या वागण्यावरून काढला. मनात काय होतं याचा जबाब कोणी देत नसतो. न्यायालय ते हातातल्या वस्तूंवरून वाचतं. हत्यार कोणतं, ते उघड होतं की लपवलेलं, घाव कुठल्या अंगावर पडले, चिथावणी कोणी दिली, घाव पडल्यावर कोण थांबलं आणि कोण पळालं, हे प्रश्न म्हणूनच उलटतपासणीत इतके चिवटपणे विचारले जातात.

‘ठाऊक होतं’ आणि ‘ठाऊक असू शकलं असतं’ यांत मात्र अंतर आहे. पाच जण हमरीतुमरी करायला गेले, सगळे रिकाम्या हातांचे, आणि एकाने खिशातला चाकू अचानक काढला, तर बाकीच्यांना त्या चाकूची कल्पना होती हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही, तर खून चाकूवाल्याचा आणि बाकीचे त्यांच्या त्यांच्या हातच्या कृत्यापुरते.

## बघे आणि सदस्य

गर्दीत बघे असतातच. आपल्याकडे रस्त्यावर कोणी मोठ्याने बोललं तरी वीस माणसं उभी राहतात. ती सगळी बेकायदेशीर जमाव झाली का? नाही. सदस्य व्हायला उद्दिष्ट माहीत असणं आणि ते आपलंसं करणं लागतं. नुसतं तिथे असणं पुरत नाही.

पण बघ्याला ओळखायचं कसं, हा अवघड भाग आहे. १९६४ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच मसाल्ती खटल्यात हा पेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गावातल्या दोन तटांचं वैर आणि एका घरावर चालून गेलेला सशस्त्र जमाव, असं ते प्रकरण. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी. आरोपींनी जुन्या एका निकालाचा आधार घेतला होता, की प्रत्येकाने स्वतः काहीतरी केल्याचं दिसल्याशिवाय त्याला सदस्य म्हणता येणार नाही. गजेंद्रगडकरांनी तो सर्वांना लागू होणारा नियम मानला नाही. जिथे बघे मिसळलेले असण्याची शक्यता आहे, तिथे तसा पुरावा शोधणं शहाणपणाचं. पण सदस्यत्व एकदा सिद्ध झालं, की अमक्याने तमका घाव घातला हे वेगळं सिद्ध करण्याचं बंधन सरकार पक्षावर नाही.

हा दरवाजा असा उघडल्यावर त्याच निकालात एक अडसरही घातला गेला. मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एखाद्या आरोपीबद्दल सुसंगत हकीकत सांगितली असेल, तरच त्याची शिक्षा टिकवावी, ही कसोटी तिथे मान्य झाली. एरवी आपल्याकडे साक्षी मोजत नाहीत, तोलतात. इथे मात्र मोजणंही चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. ही कसोटी यांत्रिक वाटली तरी तिच्यामागचं कारण गाव पाहिलेल्या कोणालाही समजेल. भावकीत डोकी फुटली, की फिर्यादीत मारणाऱ्यांसोबत त्याचे भाऊ, चुलते, मेहुणा आणि त्या दिवशी पुण्याला असलेला पुतण्या यांचीही नावं येतात. एका साक्षीदाराने पंचवीस नावं घडाघडा सांगितली, तर ती डोळ्यांनी पाहिलेली आहेत की वैराच्या वहीतली, हे एकट्याच्या साक्षीवरून कळणार कसं?

पाचाच्या आकड्याचाही हिशेब शेवटपर्यंत टिकावा लागतो. आरोपी पाचच होते असा खटला आणि त्यांतले दोघे निर्दोष सुटले, तर उरलेल्या तिघांचा बेकायदेशीर जमाव होत नाही आणि सामूहिक जबाबदारीचं हे कलम गळून पडतं. मात्र नावं न कळलेले आणखी लोक तिथे होते असं पुराव्यातून दिसलं, तर आकडा भरतो. तो भरला नाही तर सरकारी वकील ‘समान इराद्या’च्या कलमाकडे वळतात. त्याला दोघेही पुरतात, पण तिथे आधी जुळलेलं मन आणि कृत्यात घेतलेला भाग, दोन्ही दाखवावे लागतात.

## पुन्हा चौरीचौरा

आता हे सगळं हाताशी घेऊन ४ फेब्रुवारीच्या त्या दिवसाकडे जाऊ. काही दिवस आधी मुंडेरा बाजारात ठाणेदाराने भगवान अहीर या माजी सैनिक स्वयंसेवकाला मारलं होतं. त्याचा जाब विचारायचा आणि पुढे बाजारात निदर्शनं करायची, म्हणून डुमरी गावी सकाळी स्वयंसेवकांची सभा झाली आणि मिरवणूक निघाली. या टप्प्यावर आजच्या कलमांनी पाहिलं, तर जाब विचारायला जाणं यादीत बसत नाही. ठाणेदाराला दबवायला जाणं बसतं. दोन्हींतली रेघ पुसट आहे, पण आहे.

मिरवणूक ठाण्यापाशी आली, बाचाबाची झाली, रेल्वेच्या रुळांकडची खडी ठाण्यावर येऊ लागली. जमावाचा दंगा झाला तो इथे. खडी पडू लागल्यावर पाय काढता घेतलेला माणूस पुढच्या गोष्टींना जबाबदार नाही, कारण कलम ‘गुन्हा घडताना सदस्य असलेला’ असंच म्हणतं. मग पोलिसांनी गोळीबार केला, जमावातले काही मेले आणि लोक खवळले. पोलीस आत गेले, दारं लावली. रॉकेल आलं. सकाळी डुमरीहून निघताना ठाणं जाळायचं कोणाच्या मनात नसेलही, पण समान उद्दिष्ट घरून ठरवून यावं लागत नाही, ते जागेवर, काही मिनिटांत तयार होऊ शकतं. रॉकेलचे डबे आल्यावर आत कोंडलेल्या माणसांचं काय होणार हे तिथे थांबलेल्या कोणालाही समजत होतं. दुसरा फाटा इथे पुरेपूर लागू होतो.

सत्र न्यायालयाने १७२ जणांना एकाच दोरीने मोजलं. अलाहाबाद उच्च न्यायालयात मदनमोहन मालवीय बचावाला उभे राहिले आणि ३० एप्रिल १९२३ च्या निकालात ती दोरी उकलली गेली. या प्रकरणातला मोठा पुरावा मीर शिकारी या माफीच्या साक्षीदाराचा होता, म्हणजे स्वतः त्यात असलेल्या आणि माफीच्या बदल्यात इतरांविरुद्ध बोलणाऱ्या माणसाचा. अशा साक्षीला दुसरा आधार लागतोच. निकालात ३८ जण निर्दोष सुटले. तिघांना फक्त दंग्याची, दोन वर्षांची शिक्षा झाली. ११० जणांना खुनासाठी जन्मठेप, आणि पुढाकार घेतल्याचं ठरलेल्या १९ जणांची फाशी कायम राहिली. जमाव तोच, दिवस तोच, आणि तरी नशिबं चार प्रकारची.

या आकड्यांतले ते तीन जण मला सर्वांत बोलके वाटतात. दंग्यात होते, खुनात नव्हते, ही मधली जागा न्यायालयाला सापडू शकते याचा ते पुरावा आहेत. आणि १९ व ११० यांतला फरक दोषाचा नव्हता. दोष सगळ्यांवर खुनाचाच, शिक्षा ठरवताना मात्र हाताकडे पाहिलं गेलं. सामूहिक जबाबदारी दोष समान करते, शिक्षा समान करायलाच हवी असं नाही.

## नवं पोटकलम काय बदलतं

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला, देशभरच्या अशा घटनांबाबतच्या तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले आणि झुंडबळीचा वेगळा गुन्हा करावा असं संसदेला सुचवलं. भारतीय न्याय संहितेत तो कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात आला. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड.

वाचताना जरब वाटते. पण शेजारचं पहिलं पोटकलम वाचा : साध्या खुनालाही शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंडच आहे. याच कारणांवरून गटाने केलेल्या गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आहे, तीही साध्या गंभीर दुखापतीइतकीच. म्हणजे शिक्षेच्या मापात भर नाही. उलट सरकार पक्षाला एक जादा गोष्ट सिद्ध करावी लागते, ती म्हणजे खुनामागचं कारण. जुन्या मार्गाने गेलं तर कारण सिद्ध करायची गरजच नसते, उद्दिष्ट आणि सदस्यत्व पुरतं.

राईनपाड्यासारखी घटना आज घडली, तर वकील नेमके इथेच अडतील. ती माणसं अनोळखी आणि भटक्या समाजातली होती म्हणून मारली गेली की अफवेमुळे? अफवा ‘तशाच कारणा’त बसते का? आरोपीचा वकील अफवेवर बोट ठेवेल, सरकारी वकील मृतांच्या वेशावर आणि बोलीवर. जाणता सरकारी वकील अशा वेळी दोषारोपात दोन्ही कलमं लावून घेईल, कारण नव्या पोटकलमातलं कारण निसटलं तरी कलम १९० खाली प्रत्येक सदस्यावरचा खुनाचा आरोप शाबूत राहतो.